कर्ब ०.६ की ०.७८?

मातीतला सेंद्रिय कर्ब मोजताना एक ग्रॅम मातीवर १० मिली डायक्रोमेट आणि २० मिली तीव्र गंधकाम्ल ओततात. मिश्रण आपोआप तापते आणि अर्ध्या तासात कर्ब जळतो. उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा झाला की थांबायचे. मातीविना २० मिली लागले आणि मातीसह १६, तर ०.५ नॉर्मल द्रावणाच्या हिशेबाने कर्ब ०.६ टक्के.

पण एवढ्या उष्णतेत सगळा कर्ब जळत नाही. वॉकली आणि ब्लॅक यांना १९३४मध्ये सरासरी ७७ टक्केच सापडला, म्हणून १.३ने गुणतात आणि आकडा ०.७८ होतो. अर्थात ही सरासरीच. प्रत्येक मातीला ती चपखल बसत नाही, कोळशाचा कर्ब तर बराचसा निसटतो. तेव्हा दोन अहवाल ताडण्याआधी हा गुणक लावला आहे का, ते प्रयोगशाळेला विचारा.