टोकियोच्या रस्त्यांवर जन्मलेलं रेंजचं सूत्र

एक टॉवर, त्यावर 30 मीटर उंचीवर अँटेना, 900 मेगाहर्ट्झची लहर आणि जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे कानाशी धरलेला फोन. दाट शहरात या टॉवरची रेंज 2.6 किलोमीटरवर संपत असेल, तर तोच टॉवर उपनगरात 5 किलोमीटर आणि मोकळ्या शेतजमिनीवर जवळजवळ 17 किलोमीटर पुरतो. यंत्र तेच, वीजही तेवढीच. बदलतो तो फक्त आजूबाजूचा परिसर. टॉवर उभारण्याआधी कागदावर हा हिशेब मांडता येतो, तो योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजमापांमुळे.

ओकुमुरा हे जपानच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले अभियंते. मोटारीत फोन ठेवायचा, तर चालत्या गाडीला सिग्नल किती मिळेल हे आधी कळायला हवं होतं. घरं, झाडं, भिंती यांवर आपटत, वाकत येणाऱ्या लहरींचं गणित नेमकेपणानं सोडवणं अशक्य होतं. म्हणून त्यांनी मोजायचं ठरवलं. टोकियो आणि भोवतालच्या प्रदेशात मोजमापाची गाडी फिरवून, 200 ते 1920 मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर सिग्नलची नोंद झाली. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात हाती आले ते प्रामुख्यानं आलेख. पुढची कित्येक वर्षं अभियंते त्या आलेखांवरून आकडे वाचून काम करत होते.

या आलेखांत प्रत्येक अंतरावर दिलेला आकडा हा मध्यक आहे. टॉवरपासून 5 किलोमीटरवरच्या सगळ्या जागा सिग्नलच्या क्रमानं लावल्या, तर बरोबर मधली जागा जो आकडा दाखवेल तो. म्हणजे निम्म्या जागी सिग्नल याहून चांगला असतो आणि निम्म्या जागी वाईट.

परिसराच्या व्याख्याही ओकुमुरांनी डोळ्यांनी पाहून ठरवता येतील अशा केल्या. मोठ्या इमारती आणि दोन किंवा अधिक मजल्यांच्या घरांची दाटी असेल ते शहर. विखुरलेली घरं आणि झाडं असतील, फोनजवळ थोडे अडथळे असतील, पण गर्दी नसेल ते उपनगर. वाटेत उंच झाड किंवा इमारत नाही आणि समोर तीन-चारशे मीटर जमीन मोकळी आहे, असा शेतीचा भाग म्हणजे मोकळा प्रदेश.

1980 मध्ये मासाहारू हाता यांनी त्या आलेखांना सूत्रात बसवलं. शहरासाठी ते असं आहे:

```
L = 69.55 + 26.16 log f − 13.82 log hb − a(hm)
    + (44.9 − 6.55 log hb) log d
```

L म्हणजे पाथ लॉस, लहरीची वाटेत होणारी घट, डेसिबलमध्ये. दर 10 डेसिबलला शक्ती दहापट कमी होते. f ही मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, hb ही टॉवरच्या अँटेनाची मीटरमधली उंची, d हे किलोमीटरमधलं अंतर. a(hm) ही फोनच्या उंचीची दुरुस्ती. दीड मीटरला ती जवळपास शून्य येते.

सुरुवातीचा टॉवर यात घालून पाहू. 1 किलोमीटरवर शहरातली घट 126.4 डेसिबल निघते. अंतर दहापट झालं की त्यात 35.2 डेसिबलची भर पडते. रिकाम्या अवकाशात ही भर फक्त 20 असते. त्यामुळे 5 किलोमीटरवर शहरातली घट 151 होते. 900 मेगाहर्ट्झला उपनगरासाठी या आकड्यातून 9.9 वजा होतात आणि मोकळ्या प्रदेशासाठी 28.5. घट 141 डेसिबलपर्यंत चालेल असं धरलं, की तीच मर्यादा शहरात 2.6, उपनगरात 5 आणि मोकळ्यावर सुमारे 17 किलोमीटरवर गाठली जाते.

पण 2.6 हा मध्यक आहे. त्या सीमेवर उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना रेंज मिळणार नाही. इमारतींच्या आडोशामुळे जागोजागी होणारा फरक साधारण 8 डेसिबल प्रमाण विचलनाचा धरला आणि सीमेवरच्या दहापैकी नऊ जागी रेंज हवी असेल, तर सुमारे 10 डेसिबल राखून ठेवावे लागतात. तेवढ्यानं शहरातली त्रिज्या निम्मी होऊन 1.3 किलोमीटरवर येते.

हातांनी सूत्राची हद्द स्वतःच आखून दिली आहे: फ्रिक्वेन्सी 150 ते 1500 मेगाहर्ट्झ, टॉवरची अँटेना 30 ते 200 मीटर, फोन 1 ते 10 मीटर, अंतर 1 ते 20 किलोमीटर. अडचण अशी, की हद्दीबाहेरचे आकडे घातले तरी सूत्र बहुतेक वेळा तितक्याच दशांशांत उत्तर देतं. ते उत्तर चुकीचं आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत हे 1800 मेगाहर्ट्झला दिसलं. जीएसएमसाठी 900 बरोबर हा पट्टाही युरोपात आणि पुढे भारतात वापरात आला. कॉस्ट 231 या युरोपीय प्रकल्पानं ओकुमुरांचे वरच्या फ्रिक्वेन्सींचे आलेख पुन्हा तपासून 1500 ते 2000 मेगाहर्ट्झसाठी वेगळे गुणांक दिले आणि महानगराच्या मध्यभागासाठी 3 डेसिबल वाढवले. मूळ सूत्र 1800 ला तसंच वापरलं, तर महानगरातली घट जवळपास 5 डेसिबल कमी दिसते. 5 डेसिबल किरकोळ वाटतात, पण 30 मीटरच्या अँटेनाला त्यामुळे खरी त्रिज्या कागदावरच्या त्रिज्येच्या 72 टक्केच राहते आणि क्षेत्र जेमतेम निम्मं. म्हणजे शंभर टॉवरची आखणी केलेल्या शहराला प्रत्यक्षात जवळपास दोनशे लागतील. 5जीचा 3300 मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा या सुधारित सूत्राच्याही बाहेर आहे. तिथे वेगळी प्रतिमानं लागतात.

उंचीची 30 मीटरची खालची मर्यादाही विचारपूर्वक आहे. अँटेना भोवतालच्या छपरांच्या वर आहे आणि लहर छपरांवरून येऊन शेवटी रस्त्यावर वाकते, असं चित्र या मोजमापांमागे आहे. दिव्याच्या खांबावर 8 मीटरवर बसवलेली अँटेना छपरांच्या खाली असते. तिची लहर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून पुढे जाते. सरळ रस्त्यावर सिग्नल सूत्रापेक्षा बराच चांगला मिळतो आणि कोपरा वळताच कोसळतो. दोन्हींसाठी मिळून एक मध्यक सांगण्यात अर्थ उरत नाही.

वरच्या मर्यादेचा धोका सह्याद्रीत समजतो. hb ही टॉवरच्या बुंध्यापासून मोजायची उंची नाही. फोनच्या दिशेला टॉवरपासून 3 ते 15 किलोमीटरमधल्या जमिनीची सरासरी पातळी काढायची आणि अँटेना तिच्या वर किती आहे ते धरायचं. घाटमाथ्याच्या कड्यावर 40 मीटरचा टॉवर असेल आणि खाली कोकणची जमीन 600 मीटर खोल असेल, तर त्या दिशेला hb 640 मीटर होते आणि 200 ची मर्यादा मागे पडते. उलट, दरीतल्या गावातल्या टॉवरसमोर डोंगर चढत गेला, तर hb ऋण येते. ऋण संख्येचा log निघत नाही, म्हणून या एका बाबतीत सूत्र तरी हात टेकतं. शिवाय सूत्र सपाटशा जमिनीसाठीचं आहे; मधल्या एका डोंगरधारेनं पडणारी सावली त्यात धरलेली नाही.

म्हणून नियोजन करणारे अभियंते सूत्राचं उत्तर शेवटचं मानत नाहीत. ते चाचणी प्रक्षेपक लावून गाडी फिरवतात आणि मोजलेली घट सूत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. फरक सगळ्या अंतरांवर सारखाच येत असेल, तर 69.55 हा पहिला स्थिरांक तेवढा हलवला की काम भागतं; इथली वस्ती टोकियोपेक्षा दाट किंवा विरळ आहे एवढाच त्याचा अर्थ. फरक अंतराबरोबर वाढत गेला, तर log d चा गुणांक बदलावा लागतो. आणि फरक एकाच दिशेला अचानक उसळला, तर नकाशा उघडून त्या दिशेची टेकडी किंवा उंच इमारतींची रांग शोधावी लागते, कारण ती चूक कुठलाही गुणांक बदलून जात नाही.