विकता येतील की विकावे लागतील?

सांगली-कोल्हापूरकडच्या कारखानदार घरांत हे चित्र ओळखीचे आहे. वडिलांनी उभी केलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, कारभार थोरल्या भावाकडे आणि वाटणीतून आलेले थोडे शेअर धाकट्या बहिणीकडे. मग विस्तारासाठी बाहेरचा गुंतवणूकदार येतो आणि त्याच्यासोबत इंग्रजीतला जाडजूड भागधारक करार येतो. बहिणीला सांगितले जाते, ‘हे सगळ्याच करारांत असते, सही कर.’ खरोखरच सगळ्या करारांत असते, पण त्यातल्या तीन कलमांवर तिच्या पैशाचे काय होणार ते ठरते. ही कलमे म्हणजे प्री-एम्प्शन, टॅग-अलाँग आणि ड्रॅग-अलाँग.

मराठी अनुवादात या तिन्हींना ‘अधिकार’ हाच शब्द मिळतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. पहिले दोन बहुधा बहिणीचे असतात. तिसरा तिच्यावर चालवायचा, इतरांच्या हातातला अधिकार आहे. ‘भागधारकांना सहविक्री व सक्तीच्या विक्रीचे अधिकार राहतील’ असे वाक्य लिहिले, की दोन्ही आपल्याच पदरात पडले असे तिला वाटते. मराठीत मात्र हा फरक क्रियापद स्पष्ट दाखवते. सोबत विकण्याच्या हक्कात ‘तुम्हाला तुमचे शेअर विकता येतील’ असे लिहावे. ओढून नेण्याच्या हक्कात ‘तुम्हाला तुमचे शेअर विकावे लागतील’ असे लिहावे. कोणी कोणाला काय करायला लावू शकतो हे प्रत्येक वाक्यात आले पाहिजे. त्यानंतर आकडे यावेत.

समजा, कंपनीचे 10,000 शेअर आहेत. भावाचे 6,000, गुंतवणूकदाराचे 2,500 आणि बहिणीचे 1,500, म्हणजे तिचा वाटा 15 टक्के.

प्री-एम्प्शनला ‘अग्रहक्क’ म्हणता येईल. कंपनी 2,000 रुपये दराने 5,000 नवे शेअर काढते आहे. बाहेर कोणाला देण्याआधी तिने ते जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करायचे. बहिणीच्या वाट्याला 750 येतात. ते घ्यायचे तर तिला 15 लाख रुपये उभे करावे लागतील. घेतले नाहीत आणि बाकीचे सगळे विकले गेले, तर तिचे 1,500 शेअर तितकेच राहतील, पण वाटा 15 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर येईल. अनुवादात ‘नवे शेअर घेण्याचा पहिला हक्क’ एवढेच लिहिले, तर तो हक्क वापरायला रोख पैसे लागतात हे लपून राहते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 62 प्रमाणे अशा प्रस्तावाला सर्वसाधारणपणे 7 ते 30 दिवसांची मुदत असते. मुदतीत उत्तर दिले नाही, तर प्रस्ताव नाकारला असे धरले जाते. म्हणून मराठी प्रतीत ‘गप्प राहणे म्हणजे नकार’ हे वेगळ्या वाक्यात लिहावे. मुदत नोटीस पाठवल्यापासून मोजायची की हातात पडल्यापासून, हेही लिहावे.

हे कायद्यातच आहे, तर मग करारात कशाला हवे? कारण त्याच कलमात पळवाट आहे. विशेष ठराव करून नवे शेअर थेट बाहेरच्याला देता येतात आणि विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी 75 टक्के मते पुरतात. भाऊ आणि गुंतवणूकदार मिळून 85 टक्के होतात. असा ठराव बहिणीला एकटीने अडवता येत नाही. तिला खरा आधार कराराचाच आहे.

त्या आधारालाही एक अट आहे. कंपनीच्या अंतर्नियमांत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, तेच कलम यायला हवे. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात एका कुटुंबाच्या दोन शाखांनी 1951 मध्ये तोंडी ठरवले होते, की कोणाला शेअर विकायचे असतील तर आधी आपल्याच शाखेत विचारायचे. पुढे एकाने ते दुसऱ्या शाखेला विकले. शेअर विकण्यावरचे ते बंधन अंतर्नियमांत नसल्याने ते कंपनीला किंवा भागधारकांना बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवले. म्हणून अनुवादकाने करारासोबत अंतर्नियमही मागवावेत आणि अग्रहक्काचे कलम दोन्हीकडे जुळते का ते बहिणीला दाखवावे.

आता टॅग-अलाँग, म्हणजे सोबत विकण्याचा हक्क. भावाला 6,000 शेअरसाठी गिऱ्हाईक मिळाले. बहिणीला नव्या मालकासोबत राहायचे नाही, म्हणून ती म्हणते, माझेही त्याच भावाने घ्या. इथे एकच प्रश्न विचारायचा. सगळे शेअर विकता येतील, की प्रमाणात? करारात ‘प्रमाणात’ असेल आणि गुंतवणूकदारही सोबत विकायला उभा राहिला, तर गिऱ्हाइकाचे 6,000 शेअर तिघांत वाटले जातात आणि प्रत्येकाचे 60 टक्के शेअर विकले जातात. बहिणीचे 900 विकले जातील आणि 600 उरतील. आता परक्या माणसाकडे 60 टक्के आहेत आणि ती 6 टक्क्यांची मालकीण आहे. तिचे उरलेले शेअर घ्यायला पुढे कोण येणार? माझ्या मते, कंपनीचा ताबा बदलत असेल तेव्हा तिला सगळे शेअर विकण्याचा हक्क मिळालाच पाहिजे आणि करारावर बोलणी चालू असतानाच तो मागायला हवा. भावाला शेअरच्या किमतीशिवाय सल्लागार शुल्काच्या नावाने वेगळी रक्कम मिळणार असेल, तर ती ‘त्याच भावात’ धरली आहे का, हेही तिथेच पाहावे.

ड्रॅग-अलाँग सर्वांत कठोर आहे. ठरावीक टक्केवारीच्या भागधारकांनी कंपनी विकायचे ठरवले, की उरलेल्यांनाही विकावे लागते. ही मर्यादा 75 टक्के असेल, तर भाऊ आणि गुंतवणूकदाराचे 85 टक्के पुरतात आणि बहिणीच्या संमतीची गरज उरत नाही. मर्यादा 90 टक्के असेल, तर तिच्याशिवाय विक्री होत नाही. एका आकड्याने तिची जागा बदलते. तिने सही नाकारली तर तिच्या वतीने एखादा संचालक हस्तांतरणाचा अर्ज भरू शकेल, असा न रद्द होणारा मुखत्यारनामाही अनेकदा याच कलमात असतो.

सर्वांत जास्त फसवतात ते ‘त्याच अटींवर’ हे शब्द. गुंतवणूकदाराने 2,500 शेअरसाठी 50 लाख घातले आहेत आणि दुसऱ्या कलमात ठरले आहे, की विक्रीत त्याने आधी आपले 50 लाख घ्यावेत किंवा आपला प्रमाणातला वाटा घ्यावा, यांपैकी जे जास्त असेल ते. कंपनी 80 लाखांना विकली गेली. बहीण हिशेब करते, 15 टक्के म्हणजे 12 लाख. प्रत्यक्षात गुंतवणूकदाराचा प्रमाणातला वाटा 20 लाखच होतो, म्हणून तो 50 लाख घेतो. उरलेले 30 लाख भाऊ आणि बहीण यांच्या 7,500 शेअरांत वाटले जातात. प्रत्येक शेअरला 400 रुपये, म्हणजे बहिणीला 6 लाख. ड्रॅगचे कलम एकटे वाचून हे कळत नाही. म्हणून मराठी प्रतीत या दोन कलमांचा अनुवाद शेजारी-शेजारी ठेवून हा हिशेब जोडावा. विकताना तिने गिऱ्हाइकाला दिलेल्या हमीपोटी तिला मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त भरावे लागणार नाही, ही मर्यादाही करारात आहे का ते पाहावे.

बहुतेक करारांत इंग्रजी आणि मराठी प्रतींत तफावत आली तर इंग्रजी प्रत चालेल, असे लिहिलेले असते. त्यामुळे मराठी अनुवाद वाचताना दिसलेली त्रुटी इंग्रजी करारातच दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि ती सहीच्या आधीच. सही मागायला आलेल्या भावाला बहिणीने म्हणावे, ‘दादा, आधी मराठी प्रत आणि आकड्यांचा तक्ता दे. वाचून मग सही करते.’