पाळीतील अतिस्राव आणि न चिकटणाऱ्या प्लेटलेट्स

फिनलंडचे डॉ. एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२४ मध्ये ऑलंड बेटांवरील ५ वर्षांच्या एका मुलीला तपासले. पुढे १३ व्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीतील रक्तस्रावाने ती दगावली. तिच्या प्लेटलेट्सची संख्या मात्र पुरेशी होती.

जखमी रक्तवाहिनीला प्लेटलेट्स चिकटवणारे एक प्रथिन असते. ते कमी किंवा सदोष असले की गुठळीचा पायाच बसत नाही. या आनुवंशिक आजाराला त्याच डॉक्टरांचे नाव आहे. आईलाही बहुधा तोच त्रास असल्याने ‘आमच्याकडे असेच असते’ म्हणून घरात तो सोडून दिला जातो. पहिल्या पाळीपासूनच ७ दिवसांहून अधिक स्राव होत असेल, वारंवार घोळणा फुटत असेल, तर केवळ प्लेटलेट्स मोजून भागत नाही. या प्रथिनाचे प्रमाण व कार्य तपासावे लागते.