साहेबाशी बोलायचे कसे : चार पुस्तके आणि एक राईस मिल

गोंदिया जिल्ह्यात दिवाळी उलटली की धानाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागतात. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर सरकारी खरेदी सुरू होते. तिथला धान भरडाईसाठी राईस मिलकडे येतो आणि तांदूळ होऊन सरकारी गोदामात परत जातो. हिशेब ठरलेला असतो. साधा तांदूळ करायचा असेल तर 100 किलो धानामागे 67 किलो तांदूळ जमा करावा लागतो. मिलमध्ये प्रत्यक्षात 64 किलोच निघाला, तरी 67 द्यावेच लागतात. कमी पडलेल्या तीन किलोंचा भार मालकावर पडतो. मालक मॅनेजरला विचारतो आणि मॅनेजर पाळीवरच्या तरुण सुपरवायझरला.

कडक साहेबाबरोबर कसे निभवायचे, यावरची बहुतेक पुस्तके अमेरिकेत लिहिलेली आहेत. त्यांतली माणसे काचेच्या इमारतींमध्ये बसतात. तक्रार ऐकायला त्यांच्याकडे वेगळा विभाग असतो आणि एक नोकरी सुटली तर त्याच शहरात दुसरी मिळते. गोरेगाव, आमगाव किंवा तिरोड्याच्या पोराकडे यातले फारसे काही नसते. म्हणून ही पुस्तके मी आपल्याकडच्या एका प्रसंगावर लावून पाहिली. प्रसंग कल्पित आहे, पण भरडाईचा हंगाम पाहिलेल्या कुणालाही तो अनोळखी वाटणार नाही.

समजा, बी.कॉम. झालेला 24 वर्षांचा मुलगा मिलमध्ये सुपरवायझर आहे. गोदामावर पाठवलेला तांदळाचा एक लॉट कणी जास्त निघाली म्हणून परत आला. ट्रक उभा, भाडे चढते आहे. मॅनेजर हमाल आणि ड्रायव्हर यांच्यासमोर ओरडतो, “तुला काही समजते का? शाळेत काय शिकला?” मुलगा गप्प राहतो. रात्री घरी जेवण जात नाही. उद्यापासून जायचेच नाही, असे मनात येते.

यात पहिल्यांदा वाचायला हवा तो जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर यांचा ‘मॅनेजिंग युवर बॉस’. हा मुळात 1980 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आलेला लेख. पुढे तो छोट्या पुस्तकाच्या रूपातही निघाला. साहेब आणि हाताखालचा माणूस एकमेकांवर अवलंबून असतात, हे त्यांचे मुख्य म्हणणे. साहेबावर कोणाचा दाब आहे, त्याला कशाची धास्ती आहे, माहिती त्याला कशी हवी असते, हे शोधण्याचे काम हाताखालच्या माणसाचेही आहे, असे ते सांगतात. याला चमचेगिरी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. आपल्या मॅनेजरची धास्ती त्या 67 मध्ये आहे, हे मुलाला कळले की ओरडण्याचे कारण तरी दिसते. ते कारण दिसल्याने अपमान लहान होत नाही, पण पुढे काय बोलायचे ते सुचते.

या लेखातली एक गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते. ती मूळची पीटर ड्रकर यांची. काही साहेब वाचणारे असतात, काही ऐकणारे. वाचणाऱ्याला आधी कागद द्यावा आणि मग बोलावे. ऐकणाऱ्याला आधी सांगावे आणि मग कागदावर द्यावे. आता आपल्या प्रसंगात मागे जाऊ. त्या लॉटचा धान फार वाळलेला आहे, हे मुलाच्या मीटरवर आधीच दिसले होते. भरडाईला धानाचा ओलावा साधारण 14 टक्क्यांच्या आसपास असला की दाणा कमी तुटतो. उघड्यावर पडलेला धान दिवसा उन्हात तापतो, रात्री दव पितो, आणि दाण्याला आतून बारीक चिरा पडतात. मिलमध्ये गेल्यावर तो तिथेच तुटतो. मुलाने आकडा रजिस्टरमध्ये लिहिला होता. मॅनेजर मात्र रजिस्टर उघडत नाही. तो सकाळी चहाच्या वेळी आवारात फिरतो आणि तेव्हा कानावर पडलेले लक्षात ठेवतो. मुलाने आपले काम केले होते, पण ते पोहोचलेच नाही.

हा लेख एका गृहीतावर उभा आहे. साहेब तापट असेल, पण मुळात त्याला काम नीट व्हायला हवे आहे. ते गृहीत जिथे खोटे ठरते तिथे हा लेख चालत नाही, त्याकडे पुढे येतो.

दुसरे पुस्तक मॅनेजरशी बोलायला जाण्याच्या आदल्या रात्रीचे. तो राग, ती लाज घेऊन गेलो तर तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती इथे कामाची आहे, आणि ती मराठीत सहज वाचता येते. डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ त्यासाठी घ्यावे. एलिस यांचे आयुष्य आणि विचार कथेसारखे वाचायचे असतील तर अंजली जोशी यांचे ‘मी अल्बर्ट एलिस’ आहे. एलिस सांगतात ते असे : घटना आणि आपला त्रास यांच्या मध्ये आपली एक समजूत असते, आणि त्रासाचे माप ती समजूत ठरवते. मुलाने वहीत तीन ओळी लिहाव्यात. काय घडले : चार लोकांसमोर मला बोलले. मी स्वतःला काय सांगितले : माझ्याशी असे कोणी बोलताच कामा नये, आता हमाल मला कधीच मानणार नाहीत, मी नालायक ठरलो. परिणाम : जेवण नाही, झोप नाही, राजीनाम्याचा विचार.

मग मधली ओळ एकेक करून तपासायची. हमाल खरेच मानणार नाहीत का? त्यांनी हाच मॅनेजर दर हंगामात ओरडताना पाहिला आहे. एक लॉट परत आला म्हणून माणूस नालायक ठरतो का? ‘असे बोललेले मला आवडत नाही, आणि ते थांबावे यासाठी मी प्रयत्न करीन’ हे वाक्य उरते. राग राहतो, पण डोके ठिकाणावर राहण्याइतका. इथे एक चूक फार होते. काही वाचक या पद्धतीचा अर्थ ‘सगळे सहन करा’ असा घेतात. घटना चुकीची नव्हती, असे एलिस कुठेही म्हणत नाहीत. चुकीच्या घटनेला शांत डोक्याने सामोरे जाण्याची ती तयारी आहे.

तिसरे पुस्तक या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते : डग्लस स्टोन, ब्रूस पॅटन आणि शीला हीन यांचे ‘डिफिकल्ट कॉन्व्हर्सेशन्स’, 1999 चे. अवघड बोलण्यात एकाच वेळी तीन बोलणी चालू असतात, असे ते दाखवतात. काय घडले हे एक, मनात काय वाटले हे दुसरे, आणि यातून मी कसा माणूस ठरतो हे तिसरे. मॅनेजर आणि मुलगा तोंडाने फक्त कणीविषयी बोलतात. पण मुलगा ‘मी मूर्ख आहे का?’ या प्रश्नाशी झगडत असतो आणि मॅनेजर ‘सेठजींच्या नजरेत मी अजून कामाचा आहे का?’ या प्रश्नाशी.

या पुस्तकातली सर्वांत कामाची सूचना अशी : दोष कोणाचा, हे शोधू नका, या घटनेत कोणी कोणी काय हातभार लावला, ते शोधा. दोष शोधला की दोघेही बचाव करू लागतात. हातभार मांडला की पुढच्या लॉटचे काय करायचे ते दिसते. आपल्या प्रसंगात मुलाचा हातभार असा की त्याने आकडा लिहिला, पण तोंडी सांगितला नाही. लॉट भरण्याआधी मूठभर नमुना घेऊन कणी वेगळी काढून पाहिली नाही. मॅनेजरचा असा की मुदत संपत आली म्हणून त्याने वाळलेला धान तसाच लावायला सांगितला आणि रबर रोल झिजलेले असूनही बदलायचे पुढे ढकलले. उघड्यावरच्या साठवणुकीचा वाटा वेगळाच.

बोलणे सुरू कुठून करायचे, हेही लेखकांनी सांगितले आहे. आपल्या बाजूने नको, समोरच्याच्या बाजूनेही नको; दोघांना मान्य होईल अशा तिसऱ्या माणसाच्या नजरेतून करावे. मुलाने ट्रक उभा असताना बोलू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, एकट्यात म्हणावे, “साहेब, कालचा लॉट परत आला. तुमच्या डोक्याला ताप झाला, मिलचे भाडे गेले. असे परत होऊ नये म्हणून दहा मिनिटे बोलायचे होते.” मॅनेजर आधी कुरकुरेल. त्याला पूर्ण बोलू द्यावे. मग स्वतःचा हातभार आधी सांगावा, “मी ओलाव्याचा आकडा लिहिला होता, पण तुम्हाला सांगितला नाही. आजपासून रोज सकाळी तुम्हाला तोंडी सांगीन.” त्यानंतर, “रोल बदलले तर कणी कमी होईल असे मला वाटते, तुम्ही एकदा बघता का?” आणि शेवटी ती गोष्ट, जी बहुतेक जण टाळतात : “साहेब, चूक झाली तर मला बोला. हमालांसमोर बोलले की ते माझे ऐकत नाहीत आणि मग पाळी सांभाळणे कठीण जाते.” या वाक्यात मॅनेजरच्या हेतूवर आरोप नाही. त्याच्या वागण्याचा परिणाम सांगितला आहे. ‘तुम्ही मुद्दाम माझा अपमान केला’ म्हटले असते तर मॅनेजरने मुद्दाम शब्दावरच वाद घातला असता, कारण त्याच्या मनात काय होते हे मुलाला माहीतच नाही.

अशी बोलणी एका बैठकीत जमतात असे नाही. पण दोन-तीन लॉटनंतर फरक पडला की नाही, ते दिसते. मॅनेजर ओलावा विचारू लागला, ओरडला तरी बाजूला नेऊन ओरडला, तर गाडी रुळावर आहे.

फरक पडलाच नाही तर चौथे पुस्तक. स्टॅनफर्ड विद्यापीठातले रॉबर्ट सटन यांनी कामाच्या जागी लोकांना तुडवणाऱ्या माणसांवर 2007 साली एक पुस्तक लिहिले, आणि अशांच्या तावडीतून कसे सुटायचे यावर 2017 साली दुसरे. ओळखायच्या दोन खुणा ते देतात. त्या माणसाशी बोलल्यावर समोरचा खच्ची होऊन, स्वतःला कमी समजत बाहेर पडतो का? आणि तो माणूस आपल्यापेक्षा दुबळ्यांवरच तुटून पडतो का? एखाद्या दिवशी आपण सगळेच असे वागतो. सटन यांना तो एक दिवस मोजायचा नाही, नेहमीची रीत पाहायची आहे. आपला मॅनेजर सेठजींसमोर गोड आणि हमालांवर रोज जहर ओकणारा असेल, तर चहाच्या वेळचे बोलणे त्याच्यावर चालणार नाही. तिथे सटन यांचा सल्ला वेगळा आहे : संबंध शक्य तितका कमी करा, तारीख-वेळ-साक्षीदार यांसह नोंद ठेवा, ज्यांना तोच त्रास आहे अशांना शोधा, आणि बाहेर पडण्याची वाट तयार करा.

ही वाट किती रुंद आहे, ते बोलण्याआधीच मोजावे, असे रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या 1981 च्या ‘गेटिंग टू यस’मध्ये सांगितले आहे. समझोता झाला नाही तर माझ्याकडे सर्वांत चांगला पर्याय कोणता? तो हातात असलेला माणूस घाबरून बोलत नाही. गोंदियात हे मोजताना गावातल्या दुसऱ्या मिलचे नाव आधी येते, पण मालक मंडळी एकमेकांना ओळखतात, हेही धरावे लागते. नागपूर आणि रायपूर रेल्वेने जवळ आहेत. तिथला पगार खोलीभाडे वजा जाता किती उरतो, ते लिहून पाहावे. पर्याय कमकुवत निघाला तर भांडण पुढे ढकलून आधी तो बळकट करावा, म्हणजे टॅली शिकावे, अनुभवाचा दाखला मागून ठेवावा.

आणि काही गोष्टी या पुस्तकांच्या हद्दीतच येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून शिवीगाळ झाली तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. स्त्रीचा लैंगिक छळ झाला तर 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असायला हवी. त्याहून लहान जागी काम करणाऱ्या, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असलेल्या स्त्रीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते, आणि समितीला कारण पटले तर ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढू शकते. पगार अडकवला तर कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अशा वेळी सटन यांच्या सल्ल्याने ठेवलेली तारीखवार वही सगळ्यांत आधी उपयोगी पडते.