अस्वल एका बाजूला का कलंडतं?

मैत्रिणींनो, क्रोशाचं अस्वल विणून झालं, टेबलावर ठेवलं आणि ते हळूच डाव्या कुशीवर आडवं झालं, असं तुमचंही झालंय ना? माझं तर जत्रेच्या स्टॉलवर, गिऱ्हाइकासमोरच झालं. विणकाम बरोबर होतं, चुकलं होतं ते कापूस भरणं आणि पाय जोडणं.

आधी कापूस. एक पाय भरून मग दुसरा भरायला घेतला की दोन्ही सारखे होत नाहीत. म्हणून भरायच्या आधीच फायबर कापसाचे दोन सारखे ढीग करा, एका पायाला एक. कापूस बोटांनी पिंजून थोडा थोडा घाला. गोळाच कोंबला तर पायाला गाठी येतात. तळवा घट्ट भरा. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर अजून हवा, टाक्यांतून पांढरं दिसायला लागलं तर जास्त झाला. वर जाताना मात्र हात सैल सोडा आणि शेवटच्या तीन फेऱ्या रिकाम्याच ठेवा. मांडी तुडुंब भरली तर पाय दुमडत नाही आणि अस्वल मागे पडतं. हातांचंही तसंच: पंजा भरा, खांदा रिकामा. भरलेला खांदा अंगापासून फाकतो.

आता जोडणं. समजा, धडाची खालची फेरी 36 टाक्यांची आहे आणि पायाचं तोंड 12 टाक्यांचं. तोंड चपटं दाबलं की समोरासमोर सहा जोड्या होतात. पोटाच्या मध्यावर रंगीत दोरा बांधा. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन टाके सोडा, मग सहा-सहा टाक्यांवर एकेक पाय. मध्ये सहाची जागा राहते, मागे अठराची.

हातांच्या वेळी फसगत होते. खालचा मध्य टाका धरून सरळ वर मोजत जाऊ नका. मुका खांब गोल विणताना टाके थोडे थोडे सरकत जातात. उजव्या हाताने विणणाऱ्यांचे उजवीकडे. तेवढ्याने हात तिरके बसतात. त्यापेक्षा मानेच्या मध्यापासून दोन्ही पायांच्या मधल्या जागेपर्यंत दोरा ताणून धरा आणि हातांच्या फेरीत तो जिथे येईल तो नवा मध्य माना. ती फेरी 24 ची असेल आणि हातही बारा टाक्यांचा, तर पुन्हा तीन-तीन सोडून सहा-सहावर हात. पुढे सहा, मागे सहा उरले की बरोबर.

शिवायच्या आधी चारही टाचणीने टोचून अस्वल बसवून बघा. बसलं तरच सुई घ्या. प्रत्येक टाका धडाच्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून काढा. एकाच धाग्यात अडकवलेला हात ओढला की लोंबतो. दोरा कापायच्या आधी पुन्हा एकदा बसवा. आणि हो, टाचण्या मोजून काढा, खेळणं लेकराच्या हातात जाणार आहे.