कर्णरूप न मिळणारी मॅट्रिक्स आणि तिचे जॉर्डन रूप

मॅट्रिक्सला कर्णरूप द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याची आधी थोडक्यात उजळणी करू. मॅट्रिक्सने गुणल्यावर बहुतेक सदिशांची दिशा बदलते. पण काही सदिश असे असतात की गुणाकारानंतरही ते आपल्याच रेषेवर राहतात, फक्त काही पट लांब किंवा आखूड होतात. हे आयगेनसदिश, आणि ती पट म्हणजे आयगेनमूल्य. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सला असे तीन परस्पर-स्वतंत्र सदिश मिळाले, की त्यांनाच आपण अक्ष मानतो. त्या अक्षांवरून पाहिलं की मॅट्रिक्समध्ये कर्णावरच्या तीन संख्या उरतात आणि बाकी सगळीकडे शून्य येतं.

आजचा प्रश्न असा, की तीन सदिश मिळालेच नाहीत तर? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: ते आपल्याला सापडले नाहीत, की मुळात नाहीतच? या दोन गोष्टींत फरक आहे. तो एका उदाहरणावरूनच पाहू.

```
      3   1   2
A =   1   3   2
     -1  -1   0
```

पहिली पायरी नेहमीचीच. A - λI चा निश्चयक काढायचा आणि तो शून्य कधी होतो ते बघायचं. इथे समीकरण येतं λ³ - 6λ² + 12λ - 8 = 0, म्हणजेच (λ - 2)³ = 0. आयगेनमूल्य एकच, 2, पण ते तीनदा आलेलं आहे.

आयगेनमूल्यं वेगवेगळी असती तर काळजी नव्हती, कारण वेगवेगळ्या मूल्यांचे सदिश आपोआपच स्वतंत्र असतात. अडचण येऊ शकते ती मूळ पुन्हा पुन्हा आल्यावर. येऊ शकते असं म्हणायचं, येतेच असं नाही. ती आली आहे का, हे तपासायला A मधून 2I वजा करू आणि उरेल तिला N म्हणू.

```
      1   1   2
N =   1   1   2
     -1  -1  -2
```

आता 2 या मूल्याचे आयगेनसदिश म्हणजे N ज्यांना शून्य करते ते सदिश. N च्या तिन्ही ओळी बघा, एकाच ओळीच्या पटी आहेत. त्यामुळे तीन समीकरणांतून खरी अट एकच उरते: x + y + 2z = 0. हे एक प्रतल आहे आणि प्रतलात स्वतंत्र सदिश दोनच मिळतात. आपल्याला हवे होते तीन. मूळ तीनदा आलं, पण त्याने दिशा दिल्या दोनच.

आता तो आधीचा प्रश्न. आणखी खटपट केली तर तिसरा मिळेल का? नाही, आणि याचं कारण एका ओळीत देता येतं. समजा A ला कर्णरूप मिळालं. मग कर्णावर आयगेनमूल्यंच येणार, आणि आपल्याकडे मूल्य एकच आहे, म्हणून ते कर्णरूप 2I असायला हवं. तर मग A = P(2I)P⁻¹. पण 2I प्रत्येक सदिशाला फक्त दुप्पट करते, तिला अक्षांशी काही देणंघेणंच नाही. म्हणून P आणि P⁻¹ एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं A = 2I. आपली A तर उघडच 2I नाही. म्हणजे ही उणीव आपल्या शोधातली नाही, ती मॅट्रिक्सच्या स्वभावातली आहे. अक्ष कसेही फिरवा, ती जाणार नाही.

मग पुढे काय करायचं? N शून्य नाही हे खरं, पण N ला N ने गुणून बघा. सगळीकडे शून्य येतं, N² = 0. याचा अर्थ असा: जो सदिश N च्या एका फटक्यात शून्य होत नाही, तो दोन फटक्यांत नक्की होतो. अशा सदिशाला w म्हणू आणि Nw ला u म्हणू. मग Nu = 0, म्हणजे u हा आयगेनसदिश झाला. आणि A = 2I + N असल्यामुळे Au = 2u, Aw = 2w + u. w आयगेनसदिश नाही, पण अगदीच परका पण नाही. तो दुप्पट होतो आणि वर एक u घेऊन येतो. या दोघांच्या जोडीला साखळी म्हणतात.

इथे पुष्कळ विद्यार्थी अडतात, म्हणून जरा थांबू. बऱ्याच ठिकाणी कृती अशी सांगतात की आधी आयगेनसदिश v घ्या आणि मग Nw = v हे समीकरण सोडवून w काढा. ठीक. आपल्या प्रतलातून सहज सुचणारा सदिश घेऊ, v = (1, -1, 0). आता N च्या पहिल्या ओळीतून येतं x + y + 2z = 1, आणि दुसऱ्या ओळीतून येतं x + y + 2z = -1. एकच राशी एकाच वेळी 1 आणि -1 कशी होणार? उत्तर नाही. बरं, दुसरा घेऊ, (-2, 0, 1). पहिली ओळ म्हणते -2, दुसरी म्हणते 0. पुन्हा विसंगती. इथे विद्यार्थ्याला वाटतं की आकडेमोड चुकली, आणि तो सगळं पहिल्यापासून तपासत बसतो.

आकडेमोड बरोबरच आहे. चुकते ती सुरुवातीची निवड. N ने कोणत्याही सदिशाला गुणलं की काय मिळतं ते बघा: (x + y + 2z) ही संख्या गुणिले (1, 1, -1). N मधून बाहेर पडणारं सगळं या एकाच रेषेवर पडतं. मग Nw = v ला उत्तर असायचं तर v याच रेषेवरचा हवा. प्रतलात आयगेनसदिश अनंत आहेत, पण साखळीच्या तळाशी बसू शकेल अशी त्यांच्यातली दिशा ही एकच. आपण घेतलेले दोन्ही सदिश त्या रेषेवर नव्हते.

म्हणून साखळी तळापासून बांधायची नाही, वरून खाली उतरायचं. प्रतलाबाहेरचा कोणताही सदिश घ्या. सगळ्यात सोपा w = (1, 0, 0). त्याला N ने गुणलं की u = (1, 1, -1) आपोआप हातात येतो, समीकरण सोडवायचीही गरज नाही. आता तिसरा सदिश हवा. तो प्रतलातलाच घ्यायचा, फक्त u ची पट नसलेला. मघाशी बाजूला पडलेला (1, -1, 0) इथे उपयोगी येतो. त्याला e म्हणू. u, w, e हे याच क्रमाने स्तंभ म्हणून मांडले की P तयार होते.

```
      1   1   1            2   1   0
P =   1   0  -1      J =   0   2   0
     -1   0   0            0   0   2
```

P चा निश्चयक 1 आहे, म्हणजे तिन्ही सदिश स्वतंत्र आहेत. पडताळा घेताना P⁻¹ काढत बसू नका. AP = PJ आहे का एवढंच बघा, स्तंभागणिक. Au = (2, 2, -2), हे 2u. Aw = (3, 1, -1), हे 2w + u. Ae = (2, -2, 0), हे 2e. झालं. J हे A चं जॉर्डन रूप. त्यात एक ठोकळा दोन बाय दोनचा आहे आणि एक, एक बाय एकचा. ठोकळ्यांचा क्रम बदलू शकतो, P सुद्धा अनेक निघतील, पण ठोकळ्यांची मापं बदलत नाहीत.

ही मापं P न काढताही कळतात. N ज्यांना शून्य करते अशा स्वतंत्र सदिशांची संख्या म्हणजे ठोकळ्यांची संख्या. इथे ती दोन, आणि तिनाची दोन भागांत वाटणी 2 + 1 अशीच होते. मात्र चार बाय चारच्या मॅट्रिक्समध्ये एकच मूल्य आणि दोन ठोकळे असतील, तर वाटणी 3 + 1 ही असेल किंवा 2 + 2 ही. तेव्हा N² कडे बघायचं. ती शून्य असेल तर 2 + 2, नसेल तर 3 + 1.

आता कर्णाच्या वरच्या त्या एका 1 ने फरक काय पडतो? A चा दहावा घात काढू. N² = 0 असल्यामुळे द्विपदी विस्तारातली पहिली दोनच पदं उरतात: Aⁿ = 2ⁿI + n·2ⁿ⁻¹N. n = 10 घातलं की A¹⁰ = 1024I + 5120N. कर्णरूप मिळालं असतं तर फक्त 2ⁿ वाढला असता. इथे 2ⁿ⁻¹ च्या पुढे n हा गुणक आला आहे, आणि तो त्या 1 मधूनच आला आहे. विकलक समीकरणांत मूळ पुन्हा आलं की उत्तरात eᵏᵗ सोबत t·eᵏᵗ लिहायला शिकवतात. त्या t चं मूळही हेच.

नावाविषयी एक खुलासा. हे रूप फ्रान्सच्या कामिय जॉर्डन यांनी १८७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. त्याआधी १८६८ मध्ये बर्लिनच्या वायरस्ट्रास यांनी वेगळ्या वाटेने हेच वर्गीकरण दिलं होतं. समीकरणं सोडवायच्या गाऊस-जॉर्डन पद्धतीतले जॉर्डन मात्र निराळे. ते विल्हेल्म जॉर्डन, जर्मनीतले भूमापनशास्त्रज्ञ.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं संगणकावर का सोपवू नये? अपूर्णांक अचूक ठेवणारी प्रणाली असेल तर जरूर सोपवावं. पण दशांशात आकडेमोड करणाऱ्या प्रणालीवर इथे विसंबता येत नाही, आणि कारण समजण्यासारखं आहे. दोन बाय दोनचा ठोकळा घ्या, कर्णावर 2 आणि 2, वरच्या कोपऱ्यात 1, आणि खालच्या कोपऱ्यातल्या शून्याच्या जागी ε ही अगदी लहान संख्या टाका. आयगेनमूल्यं होतात 2 + √ε आणि 2 - √ε. म्हणजे ε = 10⁻¹⁰ असली तरी मूल्यं 10⁻⁵ ने सरकतात आणि वेगळी होतात. वेगळी झाली की मॅट्रिक्सला कर्णरूप मिळतं! दहाव्या दशांशस्थळी केलेल्या बदलाने उत्तराचा प्रकारच पालटला. N च्या ओळी एकमेकींच्या तंतोतंत पटी आहेत का, या प्रश्नावर सगळी मांडणी उभी आहे, आणि 'तंतोतंत' हेच दशांशाच्या गणितात ठरवता येत नाही. म्हणून अशा कामांत जॉर्डनऐवजी शूर रूप वापरतात. त्यात कर्णाच्या खाली शून्यं असतात आणि वर जे येईल ते तसंच ठेवतात. ते बारीक चुकांनी असं बिथरत नाही. मात्र कर्णरूप का मिळत नाही हा प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर जॉर्डन रूपातच दिसतं.