एटापल्लीचे सूर्यघड्याळ : काटा १९.६ अंशांवर

सूर्यघड्याळात काटा हलत नाही, त्याची सावली हलते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तशी सावली आकड्यांवरून सरकते.

काटी सरळ उभी रोवली, तर एकाच वेळेची सावली ऋतूनुसार दिशा बदलते. एटापल्लीत मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि काटीची सावलीच नाहीशी होते. म्हणून काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला हवा. ध्रुव क्षितिजावर जितका उंच, तितके त्या गावाचे अक्षांश. एटापल्लीत सुमारे १९.६. पुठ्ठ्याच्या काटकोन त्रिकोणाचा पाया ३० सेंटिमीटर घेतला, तर उंची १०.७ ठेवावी. त्याची तिरकी कड हाच काटा. तो उत्तरेकडे चढता हवा.

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची भिंत २७ अंश चढते. तोच उतार इथे वापरला, तर सावली वेळ चुकवेल आणि चूक ऋतूनुसार बदलेल.

काटा अचूक बसला, तरी मनगटी घड्याळाशी मेळ लगेच बसत नाही. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे. एटापल्ली त्याच्या पश्चिमेला असल्याने इथली मध्यान्ह सरासरी १२ वाजून ९ मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्याला १२.२३ला, तर नोव्हेंबरच्या आरंभी ११.५३लाच.